नोकरी सुटते, धूळ सुटत नाही

महोदय,

दांडिया बाजारातील आमच्या शेजाऱ्यांनी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बारा वर्षे वाळूच्या फवाऱ्याने ओतीव भाग साफ करण्याचे काम केले. तोंडावर रुमाल असे. पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे वाळूतील सिलिकाचे कण इतके सूक्ष्म असतात की रुमालातून ते सहज पार होतात. २००९ मध्ये नोकरी सोडताना काढलेला छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. आता जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागते. थुंकीत जंतू सापडले नसतानाही सहा महिने त्यांना क्षयाची औषधे दिली गेली. पुढे एका डॉक्टरांनी ‘पूर्वी काय काम करत होतात?’ असे विचारले, तेव्हा एक्स-रेत वरच्या भागात दिसणाऱ्या बारीक गोल डागांचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराचा, उलगडा झाला. (सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयही लवकर जडतो, त्यामुळे ही गफलत नेहमीची.)

हा आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो आणि धुळीपासून दूर गेल्यावरही वाढू शकतो, मात्र कारखान्यातील वैद्यकीय तपासणी नोकरीबरोबरच संपते. कामगाराला निघताना धुळीतील कामाचा लेखी तपशील आणि जुने एक्स-रे हाती मिळावेत, आणि पुढेही ठरावीक काळाने एक्स-रे व श्वासक्षमतेची चाचणी व्हावी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या कलम ८९ नुसार असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरांनी मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे बंधनकारक होते. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत तसे कोणी कळवले नाही.

– एक वाचक, बडोदे