नाळ तीन मिनिटे थांबू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या मुलांच्या रक्तक्षयाबद्दल आपल्या अंकात अधूनमधून छापून येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. चर्चा मात्र दरवेळी आहारापासून सुरू होते आणि आहारापाशीच थांबते. जन्मानंतरची पहिली तीन मिनिटे तिच्यात येतच नाहीत, म्हणून हे पत्र.

बाळ बाहेर आले तरी वार काही मिनिटे आतच असते आणि नाळेतून बाळाकडे रक्त येत राहते. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलिलिटर आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त असे मिळते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एरवी जेमतेम पाव लिटर रक्त असते, हे लक्षात घेतले की ही भर किती मोठी आहे ते कळते. बाळ रडल्याबरोबर चिमटा लावला तर हे रक्त वारेत राहते आणि वारेबरोबर टाकून दिले जाते.

आता लोहाचा हिशेब पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. नाळेतल्या १०० मिलिलिटर रक्तात १६ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असते. म्हणजे ८० मिलिलिटर रक्त जास्त मिळाले तर सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह बाळाच्या पदरात पडते. नाळ लगेच कापलेल्या तीन किलोच्या बाळाकडे जन्मताना, किलोमागे ७५ मिलिग्रॅम धरून, एकूण सव्वादोनशे मिलिग्रॅम लोह असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुन्या तांबड्या पेशी मोडतात आणि हिमोग्लोबिन १०-११ पर्यंत उतरते. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळात हा आजार नव्हे. मोडलेल्या पेशींतले लोह शरीराबाहेर जात नाही, ते साठ्यात जमा होते. पुढचे रक्त त्यातूनच तयार होते.

सहा महिन्यांचे बाळ सात किलोचे झाले की त्याच्या अंगात साधारण ५६० मिलिलिटर रक्त असते. हिमोग्लोबिन साडेअकरा धरले तर त्या रक्तातच २२० मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे जन्मताना आणलेली शिदोरी इथे जवळजवळ संपते, आणि स्नायूंची वाढ तर अजून हिशेबात धरलेलीही नाही. आईच्या दुधातले लोह उत्तम शोषले जाते, पण लिटरमागे ते एक मिलिग्रॅमच्या निम्मेही नसते. सहा महिन्यांनंतर बाळाच्या शरीरात रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषले जायला हवे. त्या वेळी ताटात असते वरणाचे पाणी, भाताची पेज, दुधात कालवलेले बिस्किट, आणि काही घरांत बशीतला चहासुद्धा. चहा लोह शोषू देत नाही. गायीम्हशीच्या दुधात लोह नावापुरते असते आणि तेही नीट शोषले जात नाही. साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते, म्हणून सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान रक्तक्षय दिसू लागतो. तळहात फिके दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. नाळेतून मिळालेले ४५ मिलिग्रॅम या काळातली सुमारे दोन महिन्यांची गरज भागवतात.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. नेपाळमध्ये ५४० बाळांचा अभ्यास झाला. काहींची नाळ पहिल्या मिनिटात कापली, काहींची तीन मिनिटांनंतर. आठव्या महिन्यात लोहाची कमतरता पहिल्या गटात ३८ टक्के, तर दुसऱ्या गटात २२ टक्के बाळांना होती. रक्तक्षयाचे प्रमाण मात्र ८२ वरून ७३ टक्क्यांवर आले, त्याखाली नाही. थांबल्याने सगळे भागते असे कोणी समजू नये. पण फुकट मिळणारे लोह फेकून देऊन नंतर बाटलीतून पाजण्यातही अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटना एक ते तीन मिनिटे थांबायला सांगते. आपल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही २०१८ पासून किमान तीन मिनिटे, किंवा नाळेचे ठोके थांबेपर्यंत, थांबण्याची सूचना आहे. करायचे इतकेच, की बाळ आईच्या पोटावर ठेवावे, पुसून कोरडे करावे, ओले फडके काढून कोरड्याने झाकावे, डोक्याला टोपी घालावी. बाळाला पोटावर ठेवल्याने रक्त कमी जात नाही. आईला रक्तस्राव टाळण्यासाठी द्यायचे ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन पहिल्या मिनिटातच द्यावे, त्यासाठी नाळ कापण्याची गरज नाही. नाळ बोटात धरली की ठोके लागतात. ते थांबले आणि फुगलेली निळसर नाळ पांढरट, लुळी पडली की बेंबीपासून दोन सेंटिमीटरवर क्लॅम्प लावावा.

बिनसते ते बहुधा घाईमुळे. ट्रेमध्ये चिमटे तयार असतात, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असते, आणि बाळ रडले की नाळ कापायची हा हाताला पडलेले वळण मोडत नाही. सिझेरियनमध्ये ३० ते ६० सेकंद थांबता येते, तेही अनेकदा होत नाही. नाळेतले रक्त खासगी पेढीत साठवण्याचा करार झाला असेल तर पिशवी भरण्यासाठी लवकर कापण्याचा मोह होतो. पालकांनी सही करण्याआधी हे विचारावे, कारण ते रक्त बाळाला त्याच क्षणी हवे असते.

अपवाद आहेत. पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर नाळ कापून त्याला लगेच श्वास द्यायला घ्यावे. वार आधीच सुटली असेल किंवा नाळ तुटली असेल तर थांबू नये. थांबल्यामुळे काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवावी लागणारी बाळे थोडी वाढतात, शंभरात एक-दोन इतकी. त्यामुळे लवकर घरी सोडलेल्या बाळाला तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला बोलवावे.

पुढचे काम घरात आणि आशाताईंच्या पिशवीत आहे. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे सिरप, म्हणजे २० मिलिग्रॅम लोह, द्यायचे असते. ते दुधाबरोबर देऊ नये. शी काळी होते, त्याला घाबरून बंद करू नये, आणि बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. जेवणात घट्ट डाळ, वर लिंबाचे चार थेंब, आणि घरात चालत असेल तर अंडे, मासळी, मऊ कुसकरलेली कलेजी द्यावी. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची शिदोरी मुळातच लहान असते, त्याला सहा महिने वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या महिन्यापासूनच लोह सुरू करावे.

सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी एक विनंती आहे. प्रसूतीच्या नोंदीत जन्मवेळेशेजारी नाळ कापल्याची वेळ मिनिट-सेकंदासह लिहिण्यासाठी वेगळा रकाना असावा, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरही ती उतरवावी. जन्माची वेळ मोठ्याने सांगणाऱ्या सिस्टरनेच घड्याळ पाहून कापण्याची वेळही सांगावी. म्हणजे सहाव्या महिन्यात तपासणीला आलेल्या बाळाच्या कार्डावर ‘२० सेकंद’ दिसले, तर त्याचे हिमोग्लोबिन आधी तपासायचे हे तिथल्या डॉक्टरला कळेल.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा