नाडीखालची काळी खपली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात मी गेली बरीच वर्षं तापाचे रुग्ण तपासतो. आपल्याकडे नवीन इमारत किंवा यंत्र मागायला हे पत्र लिहीत नाही. मागणं केसपेपरवरच्या एका ओळीचं आणि एका जुन्या गोळीचं आहे. आधी एक रुग्ण सांगतो, मग माझं म्हणणं लवकर लक्षात येईल.

ऑगस्टअखेरची गोष्ट. निंदणाला जाणाऱ्या, पन्नाशीच्या एक काकू. सहा दिवस ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कोरडा खोकला. मुलाच्या हातात रिपोर्टांची पिशवी होती. मलेरिया नाही, डेंगी नाही, टायफॉइडची विडाल चाचणी 'किंचित पॉझिटिव्ह', प्लेटलेट्स ६२ हजार. एका दवाखान्यात चार दिवस सेफ्ट्रिअक्झोनची इंजेक्शनं झाली होती, तरी ताप १०३ च्या खाली येत नव्हता. मी सिस्टरला म्हटलं, पडद्याआड नेऊन काखेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत सगळं बघा. पाच मिनिटांत तिचा आवाज आला, "सर, इथं विडीचा चटका बसल्यासारखं दिसतंय."

परकराची नाडी जिथं आवळली जाते, त्याच्या जरा खाली मसुरीच्या डाळीएवढी काळी, कडक खपली आणि भोवती लालसर कडं. जांघेत अवधाण आलेलं. मी विचारलं, "काकू, हे कधीपासून?" त्या म्हणाल्या, "मले तं मालूमच नाही जी."

त्यांना ठाऊक नसणं हीच या खपलीची ओळख. ती दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही. रुग्ण स्वतःहून ती कधीच दाखवत नाही.

हा स्क्रब टायफस. धुऱ्यावरच्या गवतात, झुडपांत, उंदरांच्या वावरात राहणाऱ्या माइट नावाच्या किड्याचं पिल्लू चावतं, प्रौढ किडा नव्हे. पिल्लू जेमतेम डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं. ते रक्त पीत नाही, कातडीचा रस शोषत दोन-चार दिवस चिकटून राहतं. कपडा जिथं आवळतो आणि कातडी जिथं मऊ असते अशी जागा त्याला आवडते, म्हणून कंबर, काख, जांघ, स्तनाखाली, कुल्ले, कानामागे. चावल्यापासून साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो, तोपर्यंत त्या जागेची कातडी मरून काळी झालेली असते. काखेत किंवा जांघेत ओल असते, तिथं खपली धरतच नाही, नुसती उथळ पिवळसर जखम दिसते. सावळ्या कातडीवर लाल कडंही फसवतं. म्हणून उजेडात बघावं लागतं, बोटानं चाचपून बघावं लागतं.

सेफ्ट्रिअक्झोन का चाललं नाही? ओरिएन्शिया नावाचा हा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो आणि सेफ्ट्रिअक्झोनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं ज्या भिंतीवर घाव घालतात, तशी भिंत त्याला जवळजवळ नसते. महागडं इंजेक्शन चार दिवस वाया जातं, आणि ते चार दिवस या आजारात फार मोलाचे असतात. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर हल्ला होतो.

काकूंना त्याच संध्याकाळी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिली, जेवणानंतर, भरलेल्या तांब्याभर पाण्याबरोबर. (घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत अडकून तिथंच व्रण करते. हे सांगायला आपण सगळेच विसरतो.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १००. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग थंड, आणि काकू वरणभात मागत होत्या. दिवसातून दोन वेळा, सात दिवस, एकूण चौदा गोळ्या. चौदाही गोळ्यांना मिळून एका डेंगीच्या चाचणीएवढा पैसा लागला नसेल.

ताप इतक्या झपाट्यानं उतरतो की तो उतरणं हीच एक तपासणी ठरते. अठ्ठेचाळीस तासांत उतरला नाही, तर आपलं निदान चुकलं असेल किंवा सोबत दुसरं काही असेल, असं धरून पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

आता मागणं. पावसाळ्यापासून थंडी सुरू होईपर्यंत, पाच दिवसांहून जास्त ताप असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ छापा : 'खपली पाहिली का? कुठे? कोणी?' 'कोणी' मुद्दाम लिहिलंय. बायकांना पुरुष डॉक्टर तपासणार म्हटलं की साडीचा पदर हलत नाही आणि डॉक्टरही आग्रह धरत नाही. ते काम सिस्टरच करू शकते, मग तसा आदेश तिच्या नावानं असू द्या. खपली सगळ्यांना नसते, हेही त्या आदेशात लिहा. नाहीतर 'नाही' अशी खूण करून लोक मोकळे होतील.

दुसरं, रक्ताच्या अहवालासाठी गोळी थांबवू नये, असं लेखी कळवा. या आजाराची प्रतिपिंडं पहिला आठवडा सरता सरता रक्तात दिसू लागतात. त्याआधीचा निगेटिव्ह अहवाल काहीच सांगत नाही. शिवाय ही प्रतिपिंडं शोधणाऱ्या एलायझा चाचणीची प्लेट पुरेसे नमुने जमेपर्यंत लावली जात नाही, हे प्रयोगशाळेतले सगळे जाणतात. नमुना घ्या, पाठवा, गोळी सुरू करा. मलेरियाची तपासणी मात्र त्याच दिवशी झाली पाहिजे, तिला पर्याय नाही. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिनऐवजी ॲझिथ्रोमायसिन. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीनं आमचे लोक हात आखडतात, पण आठवडाभराच्या कोर्सला ती भीती धरून बसू नये. डोस मात्र वजनावर.

आपले अधिकारी म्हणतील, असं केलं तर अँटिबायोटिक खिरापतीसारखी वाटली जाईल. पण खिरापत आज वाटली जातेच आहे, सेफ्ट्रिअक्झोनची. आणि हीच डॉक्सिसायक्लिन कोकणात, मुंबईत लेप्टोसाठी पुराच्या पाण्यात चालून आलेल्यांना आपण प्रतिबंधक म्हणून देतो. तिथं धडधाकट माणसाला चालते, तर इथं सहा दिवस तापलेल्या बाईला अडचण काय?

श्वास लागलेला, झापड आलेला रुग्ण गोळीवर थांबवू नये, हे वेगळं सांगायला हवं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं इतर केंद्रांसह केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांना शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिली, तर एकट्या कोणत्याही औषधापेक्षा गुण चांगला येतो, असं त्यात दिसलं. शिरेतून द्यायची डॉक्सिसायक्लिन आमच्या भागात वेळेला हाती लागत नाही. ती निदान जिल्हा रुग्णालयात तरी ठेवावी.

आणि गावात एक रुग्ण सापडला की धुरळणीचं यंत्र येतं. धुरानं डास मरतात. गवताच्या बुडाशी बसलेल्या पिल्लाला त्याचं काही होत नाही. त्या डिझेलच्या पैशात घराभोवतालचं गवत कापा, आणि निंदणाहून आल्यावर अंग घासून धुवायला, कपडे बदलायला आशाताईंना सांगू द्या.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात हा आजार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. तेव्हा महिनाभर प्रत्येक डॉक्टर रुग्णाची काख बघत होता. रोवणी जुलैत सुरू होते. केसपेपर त्याआधी छापून यायचे, तर त्यांची मागणी मे महिन्यातच जायला हवी.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक डॉक्टर