‘पस्तीस टक्के’च्या चौकटीत न मावणारे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची माहिती देणारी चौकट परवाच्या अंकात वाचली. ‘35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख रुपये’ हे त्यात बरोबर आहे. पण ते कात्रण घेऊन आमच्या गल्लीतल्या मसाला कांडप चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, म्हणून लोक येतात. त्यांनी वहीत हिशेब मांडूनच आणला होता: यंत्रे 6 लाख, शेड 4 लाख, मिरची-हळद भरायला 2 लाख, एकूण 12 लाख, त्याचे 35 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार.

आम्ही मार्गदर्शक सूचना काढून बसलो. पात्रता, कोणता खर्च चालतो, कागदपत्रे आणि अर्जाची वाट अशी चार पाने केली आणि प्रत्येक ओळीपुढे मूळ परिच्छेदाचा क्रमांक टाकला. पात्रतेचे पान लवकर भरले. वय 18 च्या वर हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे स्वतः, पती किंवा पत्नी आणि मुले. आठवी पासची अट सुरुवातीला होती, ती पुढे काढली. जुने गोषवारे मात्र व्हॉट्सअॅपवर अजून फिरतात. म्हणून मी पानाच्या डोक्यावर आधी तारीख घालतो.

खरा वेळ गेला खर्चाच्या पानावर. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, हे ताईंना ठाऊक होते. खेळते भांडवल अनुदानाच्या हिशेबात येत नाही, हे ठाऊक नव्हते. तेव्हा मिरची-हळदीचे 2 लाख बाहेर गेले. शेडचे 4 लाखही पूर्ण धरता येत नाहीत, कारण बांधकाम पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांवर जाऊ नये अशी अट आहे. इथे हमखास चूक होते. काही जण यंत्रांच्या 30 टक्के काढतात आणि 1 लाख 80 हजारांवर थांबतात. पण 30 टक्के एकूण पात्र खर्चाचे आहेत, म्हणजे यंत्रांचे 6 लाख हे त्यातले 70 टक्के झाले. त्यावरून पात्र खर्च सुमारे 8 लाख 57 हजार येतो आणि त्यात शेडचे 2 लाख 57 हजार बसतात. अनुदान आले 3 लाख. वहीतल्या आकड्यात आणि यात 1 लाख 20 हजारांचे अंतर! ताई थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “बरं झालं, शेडचं काम अजून काढलं नाही.”

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगतो की नुसती नावांची यादी पुरत नाही. कोटेशनपुढे ‘यंत्राचे’ आणि जागेच्या कागदापुढे ‘स्वतःची की भाड्याची’ असे लिहिले तरच माणूस एका फेरीत कागद आणतो. अर्ज pmfme.mofpi.gov.in या संकेतस्थळावर भरायचा. तो भरायला आणि प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते. तिचे मानधन सरकार देते, तेव्हा ‘फाईलचे’ पैसे कुणी मागितले तर ते देऊ नयेत. पुढे अर्ज जिल्हा समितीकडे आणि तिथून बँकेत जातो. कर्ज द्यायचे की नाही, हे शेवटी बँकच ठरवते.

राहिली एक ओळ. ती चारही पानांत कुठे बसेना, आणि आपल्या चौकटीतही नव्हती. हे अनुदान कर्जाशी जोडलेले आहे. स्वतःच्या पैशाने यंत्र घेतले तर काहीच मिळत नाही, आणि कर्ज घेतले तरी किमान 10 टक्के वाटा आपला लागतो. शिवाय अनुदान हातात येत नाही. ते कर्ज देणाऱ्या बँकेतच वेगळे ठेवतात. बँकेकडून कर्जाच्या रकमेचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून 3 वर्षांनी खाते नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. मधे खाते थकले तर त्या 3 लाखांचा भरवसा नाही. ‘अनुदान आले की शेडवाल्याचे पैसे देऊ’ असे ताईंनी ठरवले होते.

म्हणून मी पाचवे पान जोडले: ‘पैसे कधी आणि कुठे’. पुढच्या वेळी चौकट छापताना जागा कमी पडली, तर कागदपत्रांची यादी कापावी. ती संकेतस्थळावर सापडते. ही ओळ मात्र ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
तासगाव, जि. सांगली