देणगीदार अहवाल: केंद्रप्रमुखांसाठी सूचना

सर्व केंद्रप्रमुखांना नमस्कार. वार्षिक अहवालाची पाने शनिवारी संध्याकाळी 5 पर्यंत तुर्भे केंद्रात आणून द्यावीत. वागळे इस्टेट आणि कळव्याच्या सभासदांनी हजेरीपटही सोबत आणावा.

यंदा "120 वर्ग घेतले, 3 शिबिरे भरवली" अशी यादी नको. वर्ग झाले हे आपले काम. मूल वाचू लागले का, हे देणगीदाराला कळायला हवे.

नमुन्यादाखल: वाचनवर्गात 60 मुले आली. सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही चाचण्या 47 जणांनी दिल्या. त्यांतली 29 शब्दांवरून परिच्छेदापर्यंत पोहोचली. "62 टक्के प्रगती" एवढेच लिहिले तर मधेच गेलेली 13 मुले गायब होतात, आणि बहुधा तीच मागे पडलेली असतात. म्हणून लिहा: "60 पैकी 47 ची चाचणी झाली, त्यांत 29 पुढे गेली, 13 मुलांची शेवटची चाचणी झाली नाही." गळतीचे कारण माहीत असेल तरच द्या. मुले शाळेतही शिकतात, तेव्हा सगळे श्रेय आपल्याकडे घेऊ नका.

सोबत एका मुलाचे उदाहरण, चार-पाच ओळींत: आधी काय वाचता येत होते, आता काय येते, काय अजून अडते.

- पालकांची लेखी संमती हवी. नाव बदला, शाळा आणि वस्ती लिहू नका.
- सर्वांत हुशार मूल निवडू नका, त्या 29 मधले साधारण मूल घ्या.
- दोन्ही चाचण्या एकाच पातळीच्या उताऱ्यांवर झालेल्या असाव्यात. शेवटचा उतारा सोपा असेल, तर तो आकडा वगळा.