व्हॅलेंटाइनचा अभंग

एडिसन, न्यू जर्सी
१५ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल इथे व्हॅलेंटाइन झाला. मुलांच्या शाळेत वर्गातल्या प्रत्येकासाठी कार्ड न्यायचं असतं, कुणालाही वगळायचं नाही. त्यासाठी शिक्षिका आधी नावांची यादी घरी पाठवतात. बुटांच्या खोक्याला गुलाबी कागद चिकटवून मुलांनी टपालपेटी केली होती. ती कार्डं लिहिता लिहिता थोरली म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना काय लिहिता?" आम्ही कधीच काही लिहिलं नव्हतं. मग ठरवलं की यंदा दोघांनी मिळून चार ओळी मराठीत करायच्या, पण त्यांची गंमत मुलांनाही कळली पाहिजे.

दोघंही इंग्रजीतच बोलतात, हे तुम्हाला फोनवर जाणवतंच. पण खाणंपिणं, कपडे, ये, जा, बस, नको, तुझं-माझं, एवढं मराठी त्यांच्या कानात पक्कं आहे. कविता तेवढ्यातच बसवायची होती. चाल मात्र मला लगेच सुचली. बाबा, तुम्ही अंघोळीनंतर 'सुंदर ते ध्यान' म्हणता ना, ती. तुम्हीच मला बोटांवर मोजायला शिकवलं होतं: सुंदर ते ध्यान सहा, उभे विटेवरी सहा, कर कटावरी सहा, ठेवोनिया चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचं. थोरलीला शाळेत टाळ्या वाजवून हायकू मोजायला शिकवलंय, पाच-सात-पाच. म्हणून सहा-सहा-सहा-चार हे तिला सांगावंही लागलं नाही.

तुमच्या जावयांनी पहिली ओळ केली, "चहा तुझा माझा". मी पुढे जोडलं, "थोडा गोड हवा". थोरलीने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, पाचच आहेत. मी कागदावर अक्षरं मोजून दाखवली: थो, डा, गो, ड, ह, वा. ती ऐकेना. तिने पुन्हा म्हणून दाखवलं आणि तिचं बरोबर होतं. आपण बोलताना 'गोड' म्हणतो तेव्हा ड उघडत नाही, एकच टाळी पडते. लिहिताना तो पूर्ण असतो. बाबा, तुम्ही गाताना 'ध्यान'मधला न लांबवता, म्हणून तिथे सहा भरतात. मुलांनी मराठी फक्त ऐकलंय, वाचलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तो न नसतोच. इतकी वर्षं मी अक्षरं मोजतेय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मग दूध, घर, हात, प्रेम असले सगळे शब्द बाजूला ठेवले. ('प्रेम' गेल्याचं मला वाईट वाटलं, पण नंतर त्याची गरजच वाटली नाही.) प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार असलेले शब्द शोधले. अपवाद फक्त 'चहा'तला च किंवा 'बसू'तला ब असा, सुरुवातीला येणारा. तो बोलतानाही पूर्ण उच्चारला जातो. रात्री भांडी आवरताना एक ओळ त्यांची, एक माझी, असं करत हे झालं:

चहा तुझा माझा,
ये ना इथे बसू,
गाली थोडे हसू
तुझे माझे.

सकाळी आम्ही ते चहा घेताना म्हटलं. मुलांनी टाळ्या मोजल्या, बावीसच्या बावीस आल्या. 'बसू'-'हसू' जुळल्यावर धाकटा खुर्चीवर उभा राहून ओरडला. एकही शब्द इंग्रजीत सांगावा लागला नाही. 'गाली' तेवढं कळलं नव्हतं, तर मी त्याच्या गालावर बोट टेकवलं.

आणि संध्याकाळी थोरलीने शाळेच्या खोक्यात आमच्यासाठी एक चिठ्ठी टाकलेली सापडली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं:

पोली तुझी माझी,
ये ना इथे खाऊ,
नको शाला जाऊ
आई बाबा.

ळ तिला अजून ऐकू येत नाही. 'शाळेत जाऊ नको' असं तिला म्हणायचं होतं की 'नको जाऊया', ते मी विचारलं नाही. पण मोजून बघा, कुठेही चुकलेली नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचं यमकही जागच्या जागी आहे. मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. सुधारलं असतं तर 'शाळेत'मधल्या त ने लिहिताना एक अक्षर वाढलं असतं, आणि मुख्य म्हणजे हे तिने स्वतःहून केलेलं पहिलं मराठी आहे.

बाबा, तुमचा अभंग फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? अगदी सावकाश म्हणा, 'ध्यान'वर थांबून. तो न कुठे उघडतो ते तिला तुमच्या आवाजात ऐकवायचंय. आई, तूही आजी जात्यावर म्हणायची त्यातली एखादी ओवी आठवली तर म्हण. टाळ्या मोजायला इथे दोघं तयार बसलेत. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
बाळी