काटा हलेना म्हणून जेवण सोडणाऱ्या लेकीला

प्रिय सायू,

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही, ठीक आहे. हुतात्मा एक्सप्रेसला बसवताना दिलेला डबा तू सीटखाली तसाच ठेवलास हे मी खिडकीतून बघितलं. त्यावर बोलणार नव्हतो पण झोप येईना म्हणून लिहितोय. फोनवर बोललो की तू चिडतेस आणि मी पीटीच्या तासावर असल्यासारखा ओरडतो, त्यापेक्षा हे बरं.

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतून आल्या आल्या तू काट्यावर उभी राहिलीस, ६८.१ दिसलं, आणि तोंड पाडून आत गेलीस. दिवाळीत ६८.४ होतं, जिमला जाऊन वजनं उचलून हात सोलून घेतले आणि गेले फक्त तीनशे ग्रॅम, म्हणून रात्रीचं जेवण बंद. हे गणित मला मान्य नाही. आणि तुझ्या बापाने तीस वर्षं पोरांना पळवलंय, तेव्हा निदान ऐकून तरी घे.

आईने तुझा तो निळा कुर्ता आत घेतला ना, तिची वही मी काढून बघितली. दिवाळीला कंबर ३६, आता साडेचौतीस. छाती तीच. दंडाचा घेर मात्र पाव इंच जास्त, मुंढ्यात कुर्ता ओढतोय म्हणून ती कुरकुरत होती. कंबर दीड इंच आत आणि दंड बाहेर, आणि काटा म्हणतो काहीच झालं नाही. काटा खोटं बोलत नाही, पण तो हाड, स्नायू, चरबी, पाणी, पोटातलं जेवण सगळं एकत्र मोजतो, त्यातलं काय गेलं आणि काय आलं हे त्याला सांगता येत नाही.

तुझ्या बाबतीत काय झालं असेल त्याचा माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे, पण असं होतं. चरबी साधारण अडीच किलो गेली. नवीन असताना स्नायू पटकन वाढतात, तो किलोभर आला. उरलेलं सव्वा किलो पाणी. तुझ्या जिममध्ये सगळे म्हणत असतील की स्नायू चरबीपेक्षा जड असतो, ते अर्धंच खरं आहे. एक किलो म्हणजे एक किलोच, फक्त किलोभर चरबी साधारण १.१ लिटर जागा घेते आणि किलोभर स्नायू लिटरपेक्षा थोडी कमी. एवढ्याशा फरकाने दीड इंच कंबर जात नाही गं. खरं कारण जागेचं आहे. चरबी पोटावरून आणि पोटाच्या आतून, आतड्यांभोवतीची, गेली, आणि स्नायू आला मांड्यांत, पाठीत, खांद्यात, जिथे तू स्क्वॉट आणि डेडलिफ्टचा भार टाकलास तिथे. कमरेवरून गेलं आणि दुसरीकडे भरलं, मग एकूण वजन हलणार कसं?

आता पाण्याचं. व्यायाम सुरू केला की स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे आतल्या साखरेचा, साठा वाढवतात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनएक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शिवाय सुरुवातीला अंग ठणकतं, जिना उतरताना तू आई गं करत होतीस तेव्हा, त्या स्नायूंना बारीक सूज असते, तिथेही पाणी जमतं. पाळीच्या आधीही जमतं. म्हणून या आठवड्याचं वजन मागच्या आठवड्याशी ताडू नको, मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताड.

आणि इथेच माझी भीती आहे. रात्रीचं जेवण सोडलंस की चार दिवसात काटा किलो-दीड किलो खाली जाईल. तू खूश होशील. पण ते गेलेलं बहुतेक ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी असेल, चरबी त्यात थोडीच. मग अजून कमी खाशील. पुढे कमाईचा स्नायूसुद्धा जायला लागतो आणि ते काट्यावर कळत नाही, उलट आकडा छान दिसतो. कळतं ते जिममध्ये, ४० किलोचे दहा स्क्वॉट व्हायचे ते सातवर अडकतात, झोप लागत नाही, थंडी वाजते, पाळी पुढे जाते (हे आई विचारेल, मी नाही). मंगलआत्याचं सुरुवातीला असंच होतं, सगळे म्हणायचे किती बारीक झाली, छान दिसते. जाऊ दे. तू मंगलआत्या नाहीस हे मला माहितीये.

लेक्चर झालं बघ. सॉरी. पण माप कसं घ्यायचं ते सांगूनच थांबतो, कारण तूही चुकीचं घेशील, तुझ्या वयाच्या सगळ्या पोट आत ओढून घेतात. सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक, दोन्ही बोटाने चाचपून त्यांच्या मधोमध टेप. आई कपड्यासाठी घेते ती कंबर थोडी वेगळ्या जागी असते, ते आकडे यात मिसळू नको. टेप आरशात बघून सगळीकडून सरळ ठेव, कातडीत रुतवू नको, सहज श्वास सोडून संपला की वाच. दोनदा घे, सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पंधरा दिवसांनी एकदा पुरे, रोज घेतलंस तर वेडी होशील. आपल्याकडच्या बायकांसाठी डॉक्टर ८० सेंटीमीटरची हद्द धरतात, तू अजून वर आहेस, घाई नाही.

तुझ्या रूमवरचा तो चरबीचा टक्का सांगणारा काटा तर कपाटात टाक. पायातून बारीक करंट सोडून तो अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, दोन ग्लास पाणी पिलीस तरी आकडा बदलेल.

कमी खायचंच नाही असं मी म्हणत नाही. वजन आणि कंबर दोन्ही महिना-सव्वा महिना जागच्या जागी राहिले, तर समजायचं की खाणं खर्चाइतकंच चाललंय, मग भाकरी एकाची पाऊण कर, तेल कमी कर. (शेंगाचटणीत प्रोटीन असतं म्हणून तू वाटीभर खातेस, त्यात तेलच जास्त असतं.) पण कंबर कमी व्हायलीय आणि तू उपाशी राहायलीस, याला काय म्हणायचं? दही, अंडी, डाळ रात्रीच्या जेवणात हवंच, स्नायू हवेतून भरत नाही.

तू बारा वर्षांची असताना पार्क स्टेडियमवर गोळा फेकलास, पाय रेषेबाहेर गेला आणि फाऊल दिला, तर पंचाशी भांडून परत फेकायला लागलीस. मी लांबून बघत होतो, आईला म्हटलं ही कुणाचं ऐकणार नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, आता तेच नडतंय.

पुढच्या महिन्यात मला वजन कळवू नको. कंबर आणि स्क्वॉट किती झाले ते कळव. आणि रात्री काय खाल्लं तेही, फोटो नको, नुसतं लिही, मी काही बोलणार नाही.

आई दुसऱ्या कुर्त्याचं कापड घेऊन बसलीये, दंडाचा घेर परत मोजून पाठव म्हणते, यावेळी मुंढा मोठा ठेवणार आहे.

बाबा