बाबांचा ओटीपी नेमका कुठे जातो

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही पेन्शनच्या पोर्टलवर तीनदा आधार क्रमांक टाकलात, तिन्ही वेळा ओटीपी पाठवल्याचे पडद्यावर उमटले आणि हातातल्या फोनवर काहीच आले नाही. रेंज नसेल असे समजून मी तुम्हाला गच्चीवर जायला सांगितले, ते चुकलेच. ओटीपी गेला होता, पण दुसऱ्याच नंबरवर.

काल रात्री मी myaadhaar.uidai.gov.in वर Check Aadhaar Validity मध्ये तुमचा आधार क्रमांक टाकून पाहिला. त्याला लॉगिन लागत नाही आणि नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे तिथे दिसतात. ते ४१७ निघाले, तुमच्या फोनचे आहेत ८६२. पाहताक्षणी आठवले की २०१२ साली शिबिरात आधार काढताना आपण सगळ्यांनी माझाच नंबर दिला होता, आणि ते सिम मी कधीच बंद केले.

बँकेचे आणि पोर्टलचे संदेश तुमच्या फोनवर नीट येतात, म्हणून नंबर सगळीकडे बदलला असेच आपल्याला वाटत राहिले. पण आधारने लॉगिन करताना ओटीपी पाठवते ते आधार प्राधिकरण, आणि ते फक्त स्वतःच्या नोंदीतला नंबर पाहते. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये आपण काहीही बदलले तरी त्या नोंदीला धक्का लागत नाही. मला खरी काळजी वेगळीच आहे: बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, तेव्हा तुमचे ओटीपी कदाचित एखाद्या परक्या माणसाच्या फोनवर जात असतील. म्हणून कृपा करून आता पुन्हा प्रयत्न करू नका.

यासाठी तुम्ही स्वतः आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या. मोबाइल नंबर बदलायला कोणतेही कागदपत्र लागत नाही, आधार क्रमांक सांगून बोटांचे ठसे द्यावे लागतात. बाबांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही, तसे झाले तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवा असे तिथे स्पष्ट सांगा. आई, तुझ्या आधारलाही तोच जुना नंबर आहे, म्हणून तूही सोबत जा आणि तुझा स्वतःचा नंबर दे. ऑपरेटर अर्जातला नंबर टाइप करील तेव्हा दहाही आकडे पडद्यावर वाचून घ्या, कारण एक आकडा चुकला तर सगळे पुन्हा करावे लागेल.

मिळालेली पावती जपून ठेवा. तिच्यावरच्या क्रमांकावरून काम कुठवर आले ते मी इथून पाहीन. बदल लगेच दिसत नाही, काही दिवस लागतात. नोंदीत शेवटचे आकडे ८६२ दिसू लागले की मी फोन करीन आणि मगच आपण पोर्टल उघडू.

तुमची लेक